स्टेटमेंटवर नावं दोन, बिल एकच

मामांचा फोन ऑक्टोबरात आला. "मी माझे पैसे सात तारखेलाच भरले. मधुराचे तिने पाच दिवस उशिरा दिले, हे मान्य. पण मग दंड तिच्या कार्डाला लागायला हवा ना? माझ्या नावाखाली हे सहाशे चौऱ्याऐंशी रुपये कसले?"

मधुरा म्हणजे माझी मामेबहीण. ती पुण्यात असते, मामा-मामी नाशिकला. तिला क्लासची फी, औषधं, गाडीभाडं यासाठी अडचण नको म्हणून मामांनी आपल्या क्रेडिट कार्डावर तिच्या नावाचं ॲड-ऑन कार्ड काढून दिलं होतं. मी मामांना स्टेटमेंटची पीडीएफ पाठवायला सांगितली. पासवर्डसाठी दोन फोन झाले, मग फाइल उघडली. बँकेने चूक केलेली नव्हती. चूक मामांच्या वाचण्यात होती, आणि तशी ती होणं अगदी साहजिक आहे, कारण कागदाची मांडणीच तसं वाचायला लावते.

गैरसमज: ॲड-ऑन कार्डाचा हिशोब वेगळा, म्हणून बिलही वेगळं

मामांच्या स्टेटमेंटमध्ये व्यवहारांचे दोन गट होते. वरच्या गटावर मामांचं नाव आणि त्यांच्या कार्डाचे शेवटचे चार आकडे, खालच्यावर मधुराचं नाव आणि तिचे चार आकडे. बऱ्याच बँका असेच गट पाडतात. काही बँका सगळे व्यवहार तारखेच्या क्रमाने एकाखाली एक लावतात आणि कुठलं कार्ड ते शेवटच्या आकड्यांवरून ओळखायचं असतं. मांडणी कुठलीही असो, पहिल्या पानावरची एकूण देय रक्कम एकच असते, किमान देय रक्कम एकच आणि शेवटची तारीखही एकच.

गट पाडलेले असतात ते घरच्यांना समजावं म्हणून. बँकेच्या वहीत मात्र खातं एक आहे आणि देणेकरीही एकच. रिझर्व्ह बँकेचे क्रेडिट आणि डेबिट कार्डांबाबतचे निर्देश याबद्दल स्पष्ट आहेत: ॲड-ऑन कार्ड मुख्य कार्डधारकाने नाव दिलेल्या व्यक्तीलाच द्यायचं, आणि त्यावरच्या खर्चाची जबाबदारी मुख्य कार्डधारकाची, हे आधीच स्पष्ट करून द्यायचं. मधुराने पैसे दिले नाहीत तर बँक मधुराकडे जाणार नाही, मामांकडे येईल.

मर्यादेचंही तसंच. मामांच्या कार्डाची मर्यादा दोन लाख. मधुराच्या कार्डाला त्यांनी तीस हजारांची आतली मर्यादा घालून घेतली होती. मामांची समजूत अशी की आपले दोन लाख आणि तिचे तीस हजार, म्हणजे एकूण दोन लाख तीस. तसं नसतं. ते तीस हजार दोन लाखांतूनच जातात. एका ताटातली वाटी म्हणा.

गैरसमज: ज्याने त्याने आपापला वाटा भरला की झालं

सहाशे चौऱ्याऐंशी रुपयांचं मूळ इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

बिलाचा काळ १९ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर. त्यात दोनच मोठे व्यवहार. २५ ऑगस्टला मामांनी वॉशिंग मशीन घेतलं, २१,४०० रुपये. २ सप्टेंबरला मधुराने क्लासची फी भरली, १२,६०० रुपये. एकूण देय ३४,००० आणि शेवटची तारीख ७ ऑक्टोबर.

मामांनी ७ ऑक्टोबरला बरोबर २१,४०० भरले. हा 'माझा' भाग, असं त्यांच्या मनात. मधुराने तिचे १२,६०० त्यांना १२ ऑक्टोबरला पाठवले आणि त्यांनी ते त्याच दिवशी कार्डात भरले. घरच्या हिशोबात मामा वेळेवर, मधुरा पाच दिवस उशिरा.

बँकेच्या हिशोबात यातलं काहीच नाही. आलेले २१,४०० वॉशिंग मशीनचे की फीचे, हे बँक विचारत नाही. चौतीस हजारांपैकी एकवीस हजार चारशे आले आणि १२,६०० थकले, एवढंच तिला दिसतं. पूर्ण रक्कम ठरल्या तारखेला आली नाही की बिनव्याजी मुदत जाते. मग थकलेल्या रकमेवर व्याज लागतं ते ७ ऑक्टोबरपासून नव्हे, तर खरेदी झाली त्या दिवसापासून.

मामांच्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के. २ सप्टेंबर ते १२ ऑक्टोबर हे चाळीस दिवस. १२,६०० गुणिले ४२ टक्के, गुणिले ४०, भागिले ३६५ केलं की ५७९ रुपये ९५ पैसे येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी १०४ रुपये ३९ पैसे. बेरीज ६८४ रुपये ३४ पैसे. उशीर पाच दिवसांचा, व्याज चाळीस दिवसांचं.

त्यातल्या त्यात बरं म्हणजे किमान देय रकमेपेक्षा मामांनी कितीतरी जास्त भरलं होतं, त्यामुळे लेट फी लागली नाही. आणखी एक योग असा की १८ सप्टेंबरनंतर दोघांनीही नवी खरेदी केली नव्हती. केली असती तर थकबाकी फिटेपर्यंत त्या नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढलं असतं, मग ती मामांनी केलेली असो वा मधुराने. मामांच्या बँकेने व्याज फक्त थकलेल्या भागावर लावलं. भरलेला भाग व्याजाच्या हिशोबात कसा धरायचा, हे तुमच्या बँकेने महत्त्वाच्या अटींच्या पत्रकात आकड्यांचं उदाहरण घेऊन दिलेलं असतं. ते बारीक अक्षरातलं पान वाचण्याजोगं असतं, हे मी आयुष्यात फार कमी पानांबद्दल म्हणेन.

राहिला मामांचा मूळ प्रश्न: हे व्याज त्यांच्या नावाखाली का? मधुराच्या गटात फक्त तिच्या कार्डावरची खरेदी येते, आणि त्या कार्डावरच्या खरेदीचा परतावा आला तर तो. भरलेले पैसे, व्याज, जीएसटी, वार्षिक फी, लेट फी हे सगळं खात्याचं असतं आणि मामांच्या स्टेटमेंटसारखंच बहुतेक ठिकाणी ते मुख्य कार्डधारकाच्या गटात छापलं जातं. त्यामुळे मधुराचा गट नेहमी स्वच्छ दिसतो आणि मामांचा दंडाने भरलेला. गटाखालची बेरीज हा 'तिचा वाटा' समजायचा तर व्याजातला तिचा भाग आपल्याला हाताने काढावा लागतो. इथे पूर्ण ६८४ तिच्या उशिरामुळे लागले, हे उघड होतं. दोघांनी थोडं थोडं थकवलं असतं तर बँक ते वेगळं करून देत नाही.

यावर उपाय एकच निघाला. पूर्ण ३४,००० सात तारखेच्या आत मामांनी भरायचे आणि मधुराकडून घ्यायचे ते बाप-लेकीने आपसात बघायचं.

गैरसमज: सप्टेंबरातला खर्च म्हणजे सप्टेंबरच्या बिलात

दिवाळीनंतर मामांचा पुन्हा फोन. मधुरा म्हणते १७ नोव्हेंबरला चपला घेतल्या, १,८५०. एसएमएस आला, ॲपमध्ये मर्यादाही कमी झाली, पण १८ तारखेच्या बिलात नाव नाही. "लपवते की काय?"

ती लपवत नव्हती. कार्ड घासलं की बँक तेवढी रक्कम अडवून ठेवते, एसएमएस येतो तो त्याचा. दुकानदाराच्या बँकेकडून मागणी येऊन व्यवहार खात्यात पक्का व्हायला एक-दोन दिवस लागतात. १७ तारखेच्या रात्रीचा व्यवहार १९ ला पक्का झाला तर तो पुढच्या बिलात जातो, छापील तारीख मात्र १७ चीच राहते. बिलाच्या तारखेच्या आजूबाजूला घरात असे संशय हमखास निघतात.

परताव्याचं याच्या उलट होतं. चपला परत केल्या आणि पैसे पुढच्या महिन्यात जमा झाले, तर या बिलात खर्च पूर्ण दिसतो. परतावा येईल या भरवशावर तेवढी रक्कम कमी भरायची नाही. शेवटच्या तारखेच्या आधी परतावा खात्यात पडला तर गोष्ट वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पैसे भरायच्या आधी आलेला परतावा देय रकमेतून लगेच वळता करून ग्राहकाला कळवायचा असतो. पण तो पडलेला आहे हे ॲपमध्ये डोळ्यांनी पाहावं आणि मगच आकडा बदलावा.

गैरसमज: मुलीने काय घेतलं ते सगळं वडिलांना दिसतं

दुकानाचं नाव, गाव, तारीख, रक्कम एवढंच दिसतं. मेडिकलच्या दुकानाचं नाव येईल, औषधाचं नाही. पण दुकानाचं नाव दिसतं म्हणजे गंमत मरतेच. मधुराने आईच्या वाढदिवसासाठी साडी घेतली, तेव्हा दुकानाचं नाव मामांच्या एसएमएसमध्ये आधी पोहोचलं आणि मामांच्या पोटात काही राहत नाही.

नाव दिसतं ते पाटीवरचंच असेल असंही नाही. दुकान ज्या कंपनीच्या नावावर नोंदलेलं असेल ते येतं किंवा पैसे वळते करणाऱ्या गेटवेचं. अनोळखी नाव पाहून मामा थेट बँकेत तक्रार करायला निघाले होते. आधी मधुराला रक्कम आणि तारीख सांगून विचारायचं. तिने केलेला खर्च 'मी केला नाही' म्हणून फसवणुकीत टाकता येत नाही, कारण तिच्या हातात कार्ड मामांनीच दिलेलं आहे. तिनेही केला नसेल तर मात्र वाट न पाहता कार्ड ब्लॉक करून बँकेला कळवायचं. अशा प्रकरणात कळवायला लागलेल्या दिवसांवरून नुकसान कुणाचं ते ठरतं.

गैरसमज: ॲड-ऑन कार्ड बंद केलं की त्याच्या नोंदी थांबल्या

कार्ड बंद होतं, त्यावर झालेलं देणं नाही. मधुराने फोन हप्त्यांवर घेतला असेल तर उरलेले हप्ते मामांच्या बिलात येत राहतात. मामा आता मधुराचं कार्ड बंद करायच्या विचारात आहेत. तिला नोकरी लागली आहे आणि स्वतःचं कार्ड मिळणार आहे. मी त्यांना तिच्या कार्डाला कुठली महिन्याची वर्गणी जोडलेली आहे ते आधी काढायला सांगितलं. दोन निघाल्या. एक गाण्यांच्या ॲपची, दुसरी जिमची. जिमला ती मार्चपासून गेलेली नाही.