चौसष्ट हजार कुठून आले?

कंपनीच्या सीएसआर विभागाकडे अनुदानासाठी प्रस्ताव पाठवताना बहुतेक संस्था सगळा जीव ओततात तो गरजेच्या वर्णनात. अंदाजपत्रक शेवटच्या रात्री एक्सेलमध्ये भरलं जातं आणि त्याखालची ‘खर्चाचे स्पष्टीकरण’ ही टीप घाईघाईत उरकली जाते. ‘प्रवास खर्च ६४,००० रुपये : कार्यकर्त्यांना गावोगावी जाण्यासाठी आवश्यक.’ प्रवास गावोगावी जाण्यासाठीच असतो, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्याला हवा असतो तो आकडा कुठून आला याचा माग.

समजा, धडगाव तालुक्यातल्या वीस जिल्हा परिषद शाळांमध्ये फिरतं वाचनालय चालवायचं आहे. प्रत्येक शाळेला महिन्यातून दोनदा भेट द्यायची आणि पुस्तकं बदलून द्यायची. दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्ट्या वगळून काम दहा महिने चालेल. म्हणजे वीस शाळा, दोन भेटी, दहा महिने : एकूण ४०० भेटी. सातपुड्यातल्या पाड्यांवर एसटीच्या भरवशावर वेळेत पोचता येत नाही, म्हणून मोटारसायकल. जाऊन-येऊन सरासरी ४० किलोमीटर आणि संस्थेच्या नियमाप्रमाणे किलोमीटरला चार रुपये. एकूण १६,००० किलोमीटर, ६४,००० रुपये. एवढं चार ओळींत लिहिलं की प्रवासाचं स्पष्टीकरण झालं. दर कुठून घेतला हे मात्र लिहायला हवं. आपल्या प्रवासभत्त्याच्या नियमातला असेल तर तसं, कपाटांचा असेल तर कुठल्या दुकानांची कोटेशनं घेतली आणि भाव जीएसटी धरून आहे की नाही, ते.

आता हाच ४००चा आकडा पगाराच्या ओळीत न्या. दोन कार्यकर्ते, दरमहा १८,०००, बारा महिने : ४,३२,००० रुपये. दोनच का? ४०० भेटी दोघांत वाटल्या की एकेकाच्या वाट्याला महिन्याला वीस येतात. उरलेले दोन-चार दिवस नोंदी आणि बैठकीत जातात. एकाला हे झेपणार नाही, तिसऱ्याला काम उरणार नाही. शाळा दहा महिने तर पगार बारा महिन्यांचा कसा, हा प्रश्न हमखास येतो. सुट्टीत फाटक्या पुस्तकांची दुरुस्ती, नव्या यादीची निवड आणि शिक्षकांचं प्रशिक्षण होणार असेल तर ते टिपेत हवं, आणि प्रस्तावाच्या वेळापत्रकातही हवं. तिथे नसेल तर तपासणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकतेच. सराईत अधिकारी एकेक ओळ सुटी वाचत नाहीत. ते एका ओळीतला आकडा दुसरीत शोधतात.

समन्वयकाचा पगार ही खरी नाजूक जागा. ती तीन प्रकल्प पाहते, पगार ३०,०००, आणि या कामाला तिचा चौथा हिस्सा वेळ जाणार. म्हणजे महिन्याला ७,५००, वर्षाला ९०,००० रुपये. हे लिहिताना उरलेला पाऊण पगार कोण देतं तेही लिहावं. तीन देणगीदारांकडे तिचा प्रत्येकी निम्मा पगार मागितलेला असेल, तर ते लेखापरीक्षणात उघडं पडतं.

तिचा पगार प्रशासकीय खर्चात मोडतो का, यावरही वाद होतात. सीएसआरच्या नियमांत प्रशासकीय खर्चाला पाच टक्क्यांची मर्यादा आहे. पण ती कंपनीने स्वतःचं सीएसआरचं काम सांभाळण्यावर केलेल्या सर्वसाधारण खर्चाला. प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यात धरत नाहीत. तरीही काही कंपन्या हीच पट्टी संस्थेला लावतात, आणि संस्थाही भिऊन समन्वयकाला ‘स्टेशनरी व इतर’मध्ये लपवतात. माझ्या मते ही सगळ्यात वाईट युक्ती. ती महिन्यातून किती शाळांना भेट देते, कोणत्या नोंदी तपासते, ते सरळ लिहिलं तर तिचा पगार देखरेखीचा खर्च म्हणून मागता येतो. ‘इतर’ या शब्दापुढे मोठी रक्कम दिसली की कात्री पहिली तिथेच चालते.

कात्री तर चालतेच. अधिकारी म्हणतात, ‘प्रवास निम्मा करा.’ नुसती रक्कम लिहिलेली संस्था मान डोलावते आणि वर्षभर कार्यकर्त्यांच्या खिशातून पेट्रोल जातं. हिशोब मांडलेल्या संस्थेला मात्र बोलायला जागा असते. प्रवास निम्मा म्हणजे ३२,००० वाचले, पण भेटी २०० झाल्या. मग एकेका कार्यकर्त्याला महिन्याला दहाच भेटी उरतात, म्हणजे एकाचा पगारही कमी करावा लागेल. आणि मुलांना पुस्तक पंधरवड्याऐवजी महिन्याने बदलून मिळेल. दुसरा पर्याय, दोन भेटी तशाच ठेवून शाळा दहा करायच्या. तेव्हाही कार्यकर्ता एकच लागेल, आणि पुस्तकं-कपाटांचा खर्चही निम्म्यावर येईल. यातलं काय हवं, ते मग त्यांनी सांगायचं.