सावली बसली की मेणबत्ती उभी राहते

घरून केकच्या ऑर्डरी घेणाऱ्या बायका केक खोक्यात जाण्याआधी घाईघाईत फोटो काढतात. मेणबत्त्या तेव्हा पाकिटातच असतात, त्या लागतात गिऱ्हाइकाच्या घरी. मग जाहिरातीसाठी त्या फोटोत मागाहून घालायच्या ठरतात आणि बहुतेकदा केकवर उभ्या राहण्याऐवजी स्टिकरसारख्या चिकटवलेल्या दिसतात. याचं कारण मेणबत्तीच्या चित्रात नसतं. कॅमेरा किती उंचीवर होता आणि उजेड कुठून येत होता, या दोन गोष्टी तिला केकशी जुळवून दिलेल्या नसतात.

समजा, अर्ध्या किलोचा, सहा इंची पायनॅपल केक आहे. वर पांढरं क्रीम, चेरी आणि उभी खोचलेली इंचभर उंच चॉकलेटची पट्टी. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतोय. केकचा गोल माथा फोटोत लंबगोल दिसतो. त्याची रुंदी १२०० पिक्सेल आणि उंची ६०० भरली, म्हणजे उंची रुंदीच्या निम्मी असली, तर कॅमेरा साधारण ३० अंश वरून पाहत होता. अशा कोनातून उभी वस्तू तिच्या खऱ्या उंचीच्या सुमारे ८७ टक्केच दिसते. सहा इंचांना १२०० म्हणजे इंचाला २०० पिक्सेल. अडीच इंची मेणबत्ती अर्धा इंच क्रीममध्ये रुतली की दोन इंच वर राहते. तिचे ४०० पिक्सेल होतात, पण फोटोत तिला ३५०च द्यायचे. फोन दोन फुटांवर असेल, तर मागच्या कडेजवळची मेणबत्ती पुढच्या कडेजवळचीपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी लहान ठेवावी.

त्यासाठी मेणबत्ती इंटरनेटवरून उचलू नये. कणकेच्या गोळ्यात खोचून त्याच खिडकीशी, त्याच कोनातून तिचा फोटो काढावा. मग उंचीचा आखूडपणा आणि डावीकडची उजळ बाजू दोन्ही आयतीच मिळतात. पिक्सेलचा हिशोब फक्त आकार ताडून पाहायला उरतो.

आता सावली. ती मनाने ठरवायची नाही, चॉकलेटच्या पट्टीला विचारायची. इंचभर पट्टीची सावली उजवीकडे इंचभरच पडली असेल, तर दोन इंची मेणबत्तीचीही दोन इंच, म्हणजे ४०० पिक्सेल पडेल. GIMP या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मेणबत्तीच्या लेयरवर Alpha to Selection करा. खाली नवा लेयर घेऊन त्या आकारात रंग भरा आणि आकार बुडाशी धरून उजवीकडे आडवा पाडा. रंग काळा नको. पट्टीच्या सावलीतूनच तो उचला. पांढऱ्या क्रीमवर तो बहुधा निळसर किंवा तपकिरी करडा निघतो. लेयरचा मोड Multiply ठेवला की क्रीमच्या रेघा सावलीतूनही दिसत राहतात. खिडकीच्या उजेडातली सावली बुडाशी रेखीव आणि टोकाकडे विरघळत जाणारी असते, म्हणून Gaussian Blur बुडाकडे जेमतेम आणि टोकाकडे भरपूर द्यावा. उजव्या कडेपासून इंचभरावरच्या मेणबत्तीची सावली कडेशी तुटली पाहिजे. केकची उजवी बाजू आधीच अंधारात असते, तिथे ती पुढे ओढली तर चोरी पकडली जाते.

याहून महत्त्वाची सावली बुडाची. मेणबत्ती क्रीमला टेकते तिथे एक बारीक, गडद रेघ असते. ती नसली की मेणबत्ती हवेत तरंगते, मग लांब सावली कितीही सुरेख असो. बूड सरळ कापलेलंही नको. खालची कड खोडून क्रीमचा एखादा उंचवटा तिच्यापुढे आणावा, म्हणजे ती खोचलेली वाटते.

टॉपरचा हिशोब थोडा वेगळा. तो सपाट पत्रा असतो. कॅमेऱ्याकडे तोंड करून लावला आणि उजेड बरोबर बाजूने आला, तर त्याची कडच उजेडाकडे असते. मग सगळ्या अक्षरांची लांबलचक सावली पडत नाही, बारीक पट्टी पडते. अक्षरांची सावली दिसायला उजेड समोरून किंवा मागून तिरपा यावा लागतो. सोनेरी टॉपरमध्ये समोरचं प्रतिबिंबही पडतं. त्यात परक्या खोलीचा दिवा चमकत असेल, तर तो टॉपर सोडून द्यावा.

पेटलेल्या ज्योतीचा मोह दिवसाच्या फोटोत टाळावा. ज्योत लावली की मेणबत्तीचं वरचं टोक आतून उजळतं, आसपासच्या क्रीमवर पिवळट झाक येते आणि ते सगळं रंगवत बसावं लागतं.

आणि अगदी डोक्यावरून काढलेल्या फोटोत तर हा खटाटोप करूच नये. तिथून खरी मेणबत्तीही जेमतेम एक ठिपकाच दिसते. तिला उभी दाखवायला निघालात, तर ती केकवर आडवी पडलेलीच दिसेल. तेव्हा पुढच्या ऑर्डरीचा फोटो थोडा खाली वाकून काढा.