सेटिंग हललेली नाही, वलयं सोडियमनेच पुसली आहेत

नांदेड-लातूरकडच्या प्रयोगशाळांत मायकेल्सन इंटरफेरोमीटरपाशी एक वाक्य मी दरवर्षी ऐकतो: "सर, फ्रिंजेस गेल्या. सेटिंग हलली." मी टेबलापाशी पोहोचेपर्यंत विद्यार्थ्याने आरशामागचे स्क्रू फिरवलेले असतात. मग सेटिंग खरोखरच हलते आणि पुढचा अर्धा तास वलयं शोधण्यात जातो. जे मोजायला तो बसला होता, तेच त्याने बिघाड समजून टाकून दिलेलं असतं.

गैरसमज: वलयं पुसट झाली म्हणजे उपकरण बिघडलं.

वस्तुस्थिती: सोडियमचा पिवळा प्रकाश एका तरंगलांबीचा नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या मापनसंस्थेच्या तक्त्यात हवेतल्या दोन रेषा आहेत, ५८८.९९५ आणि ५८९.५९२ नॅनोमीटर. फरक जेमतेम ०.६ नॅनोमीटर. प्रत्येक रेषा आपापली वलयं बनवते आणि आपल्याला दोन्ही एकावर एक दिसतात. आरसा सरकत गेला की आखूड तरंगलांबीची वलयं थोडी पुढे जातात. एकीचं तेजस्वी वलय दुसरीच्या काळ्या वलयावर पडलं की सगळं दृश्य सपाट पिवळं होतं. आरसा तसाच पुढे नेला तर वलयं परत उजळतात.

याचा हिशेब सुरेख जुळतो. आरसा ०.२९ मिलिमीटर सरकला की प्रकाशाचा मार्ग त्याच्या दुप्पट वाढतो. तेवढ्या अंतरात एका रेषेच्या ९८७ लाटा बसतात आणि दुसरीच्या ९८६. एका पूर्ण लाटेचा फरक पडला, म्हणून दृश्य पुन्हा पहिल्यासारखं झालं. फिझोने १८६२ साली न्यूटनच्या वलयांत ही उघडझाप पाहिली होती. त्यालाही सुमारे ९८० वलयांनंतर ती पुन्हा स्पष्ट दिसली.

खरा बिघाड वेगळा ओळखू येतो. डोळा डावी-उजवीकडे हलवल्यावर वलयं फुगत किंवा आकसत असतील, किंवा त्यांचा मध्य एका बाजूला पळत असेल, तर आरसे समांतर नाहीत. टेबलाला धक्का लागला तर वलयं थरथरतात आणि क्षणात स्थिरावतात. पण मध्य जागेवर असताना वलयं हळूहळू विरली, तर स्क्रूला हात लावू नका. ड्रम त्याच दिशेला फिरवत राहा.

आता मोजणी. आपल्याकडच्या बऱ्याच उपकरणांत बारीक ड्रमचा एक फेरा म्हणजे ०.०१ मिलिमीटर. म्हणजे एका फिकटपणापासून दुसऱ्यापर्यंत साधारण २९ फेरे. अडचण अशी की फिकटपणाचा मध्य डोळ्याला नेमका सापडत नाही, ०.०२ मिलिमीटरची चूक सहज होते. एकाच अंतरावर उत्तर काढलं तर ही चूक ७ टक्क्यांची ठरते. म्हणून प्रत्येक फिकटपणाला वलयं जिथे विरली आणि जिथे पुन्हा तितकीच अंधूक दिसली, ती दोन्ही वाचनं घेऊन सरासरी काढा. आणि फिकट ते फिकट अशी दहा अंतरं ओलांडा. समजा पहिला फिकटपणा १२.१५ ला आणि अकरावा १५.०५ ला आला. दहा अंतरांचे २.९० मिलिमीटर, म्हणजे एका अंतराचे d = ०.२९०.

Δλ = λ² / 2d

सरासरी तरंगलांबी ५८९.३ नॅनोमीटर घेतली की उत्तर ०.६० येतं आणि तीच चूक आता एका टक्क्याच्या आत राहते. उत्तर १.२ आलं तर दोन शक्यता तपासा: सूत्रातला २ सुटला, किंवा फिकट ते फिकट न मोजता फिकट ते स्पष्ट एवढंच, म्हणजे निम्मं अंतर मोजलं.

आणखी काही गैरसमज

*फिकटपणाच्या वेळी वलयं पूर्ण नाहीशी व्हायलाच हवीत.* नाही. दोन रेषांची तेजस्विता सारखी नसते, त्यामुळे पुसट खूण उरू शकते. सर्वांत पुसट जागा शोधायची.

*आधी वलयं मोजायला हवीत.* नको. फक्त फिकटपणांमधलं अंतर लागतं.

*मध्येच ड्रम उलटा फिरवला तरी चालतं.* चालत नाही. स्क्रूच्या आट्यांमधली ढील वाचनात शिरते.

*दोन रेषा म्हणजे दोन प्रकारचे सोडियम अणू.* एकच अणू. त्याच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या स्पिनमुळे वरची ऊर्जापातळी दुभंगते, एवढंच.

*रस्त्यावरचा जुना सोनेरी सोडियम दिवाही चालेल.* तो उच्च दाबाचा. त्यात या रेषा पसरट होतात आणि मधोमध शोषल्या जातात. प्रयोगाला कमी दाबाचाच दिवा हवा.

बारावीच्या गणितात आपण सोडियमचा प्रकाश एकरंगी धरतो, आणि बारीक फटींच्या प्रयोगात मधल्या थोड्या पट्ट्या पाहायच्या असल्याने ते चालून जातं. इथे लाटांची संख्या हजाराच्या घरात जाते आणि ०.६ नॅनोमीटर लपून राहत नाही. पुढच्या वेळी वलयं विरली की स्क्रूकडे जाणारा हात थांबवा आणि ड्रमवरचं वाचन वहीत उतरवा.