मोरपंखी आणि मोतिया: दोघांना रुचेल अशी एक खोली

नवविवाहित जोडप्याच्या झोपण्याच्या खोलीचा रंग ठरताना वाद होतो तो बहुतेक वेळा रंगांच्या नावांवरून. एकाला हिरवा हवा असतो, दुसऱ्याला पांढरा. एकाला गुलाबी आवडतो, दुसऱ्याला तो अजिबात चालत नाही. पण नावावरून रंगाची पुरती ओळख पटत नाही. अमेरिकी चित्रकार अल्बर्ट मन्सेल यांनी 1905 मध्ये रंगांची जी मांडणी प्रसिद्ध केली, तिच्यात प्रत्येक रंगाचे तीन वेगवेगळे गुण धरले आहेत. पहिला रंगाचे कूळ, म्हणजे तो लाल, पिवळा, हिरवा की निळा. दुसरा उजळपणा, म्हणजे तो पांढऱ्याच्या किती जवळ आणि काळ्याच्या किती जवळ. तिसरा भडकपणा, म्हणजे त्या रंगात राखाडीची झाक किती आहे आणि तो स्वतः किती ठसठशीत आहे. आवडीनिवडीतले अंतर तिन्ही गुणांत सहसा नसते. ते नेमके कोठे आहे हे एकदा कळले की बाकीच्या दोन गुणांवर दोघांचे आधीच एकमत असल्याचे अनेकदा दिसते.

हे अंतर शोधायला शेडकार्ड पुरते. समजा, बायकोला मोरपंखी रंग हवा आहे आणि नवऱ्याला भिंती मोतिया पांढऱ्या हव्या आहेत. नवऱ्यापुढे मोरपंखीच्या तीन पट्ट्या ठेवाव्यात: एक गडद आणि चकचकीत, एक तितकीच गडद पण राखाडी झाक असलेली, आणि एक फिकी. तिन्ही नाकारल्या गेल्या तर त्याला ते कूळच नको आहे. फिकी चालली आणि दोन्ही गडद नाकारल्या तर त्याची हरकत अंधाराला आहे; खोली कोंदट वाटेल ही धास्ती तिच्यामागे असते. राखाडी झाकेची चालली आणि चकचकीत नाकारली तर त्याला भडकपणा खुपतो आहे. हीच परीक्षा उलट्या बाजूने बायकोचीही घ्यावी: निळसर पांढरा, पिवळसर मोतिया आणि बदामी यांपैकी तिला नेमके काय नको आहे? पुष्कळदा उत्तर मिळते, की पांढऱ्या रंगाबद्दल तिची तक्रार नसून दवाखान्यासारख्या थंड, निळसर पांढऱ्याबद्दल आहे. पट्ट्या दाखवताना दुसऱ्याने शेजारी बसून मत देऊ नये. प्रत्येकाने आपल्या खुणा स्वतंत्रपणे कराव्यात आणि मग त्या एकत्र पाहाव्यात.

या टप्प्यावर एक चूक हमखास होते. दोन्ही आवडींचा मध्य काढायचा म्हणून मोरपंखीत पांढरा मिसळून चारही भिंतींना फिका पुदिन्यासारखा रंग दिला जातो. त्यात मोरपंखीची खोली नसते आणि मोतियाची ऊबही नसते, त्यामुळे तो दोघांचाही राहत नाही. रंगांची सरासरी काढण्यापेक्षा जागेची वाटणी केलेली बरी: गडद रंग खरा गडदच ठेवावा, पण तो किती भागावर आणि कोणत्या भिंतीवर येईल हे ठरवावे.

या उदाहरणातली खोली 10 फूट बाय 11 फुटांची, साडेनऊ फूट उंचीची धरू. पश्चिमेला खिडकी, फरशी पिवळसर पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइल्सची आणि वॉर्डरोबला तांबूस तपकिरी सनमायका. पट्ट्यांच्या परीक्षेत नवऱ्याने राखाडी झाकेची गडद मोरपंखी नाकारली नाही, फक्त चारही बाजूंनी ती नको म्हटले. बायकोने पिवळसर मोतिया चालेल असे सांगितले. म्हणजे अडचण कुळाची नाही, ती भडकपणाची आणि प्रमाणाची आहे.

गडद रंगासाठी पलंगामागची, म्हणजे उशाकडची भिंत घ्यावी. दारातून आत येताना ती समोर किंवा बाजूला ठळक दिसते, त्यामुळे ज्याला तो रंग हवा आहे त्याचे समाधान होते. पलंगावर आडवे झाल्यावर मात्र ती डोक्यामागे जाते आणि नजरेसमोर उजळ भिंत राहते, त्यामुळे ज्याला गडद रंग सोसत नाही त्याला तो टोचत नाही. चारही भिंती गडद केल्या तर एका भिंतीवरून परतणारा रंगीत प्रकाश दुसरीवर पडतो आणि प्रत्येक भिंत शेडकार्डापेक्षा अधिक दाट दिसते. एकाच भिंतीवर हा परिणाम बराच कमी राहतो.

उरलेल्या तीन भिंतींचा पांढरा निवडताना फरशी आणि वॉर्डरोब यांचा विचार आधी करावा लागतो, कारण ते बदलायचे नसतात. पिवळसर टाइल्सशेजारी निळसर शुभ्र भिंत आली की टाइल्स मळलेल्या दिसू लागतात. शेजारचा रंग बदलला की मूळ रंग बदलल्यासारखा दिसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांनी पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात काम करताना ओळखले. तिथे काही रंगवलेले सूत निस्तेज दिसते अशी तक्रार होती. दोष रंगात नसून शेजारी विणलेल्या दुसऱ्या रंगात आहे, असे त्यांना आढळले, आणि 1839 मध्ये त्यांनी त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. खोलीत हीच गोष्ट उपयोगीही पडते. तांबूस तपकिरी वॉर्डरोब आणि निळसर हिरवी भिंत एकमेकांना उठाव देतात, म्हणून मोरपंखी किंचित मंद निवडला तरी तो फिका पडत नाही. नवऱ्याला हवा असलेला मंदपणा इथे बायकोच्या रंगाचे काहीही न गमावता मिळतो.

यानंतर दिव्याचा प्रश्न येतो, आणि तो रंगाच्या आधी सोडवलेला चांगला. नोकरी करणारे जोडपे या खोलीत मुख्यतः रात्री असते, तेव्हा रंग दिसतो तो ट्यूबच्या किंवा बल्बच्या उजेडात. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा छापलेला असतो. 6500 के म्हणजे निळसर पांढरा उजेड, 4000 के मधला, 3000 के किंवा 2700 के पिवळसर. अनेक घरांत 6500 के असतो. त्याखाली मोतिया भिंतीची ऊब जाते आणि ती फिकट, उदास दिसते. 2700 के उजेडात निळ्याचा अंश कमी असल्यामुळे मोरपंखी हिरव्याकडे झुकतो आणि थोडा काळवंडतो. या खोलीसाठी छताला 4000 के आणि पलंगाशेजारी 3000 के असे दिवे ठेवले तर दोन्ही रंगांचा मान राहतो. दिवे आधी बसवावेत आणि मगच नमुने पाहावेत.

नमुना पाहण्याची पद्धत नीट पाळली नाही तर आतापर्यंतचे सगळे वाया जाते. शेडकार्डावरची बोटभर पट्टी भिंतीवर आली की रंग अधिक ठसठशीत वाटतो. जुन्या रंगाच्या भिंतीवर थेट चौकोन मारला तर जुना रंग शेजारी राहून फसवतो. म्हणून दोन फूट बाय दोन फुटांच्या जाड पुठ्ठ्यावर किंवा प्लायवर प्रायमर लावून, निवडलेल्या रंगाचे दोन हात द्यावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. इमल्शन ओले असताना आणि वाळल्यावर सारखे दिसत नाही. बहुतेक छटा वाळल्यावर गडद होतात. हा पुठ्ठा उशाच्या भिंतीला टेकवून सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिवे लावून पाहावा. पश्चिमेच्या खिडकीमुळे या खोलीत सकाळी सौम्य, थंडसर उजेड असतो आणि सूर्य कलल्यावर नारिंगी ऊन आत येते. संध्याकाळी सुंदर दिसणारा मोतिया सकाळी मळकट वाटला, तर त्याच कुळातली एक पायरी उजळ छटा घ्यावी.

रंग किती लागेल याचा हिशेब सोपा आहे. गुळगुळीत पुट्टी केलेल्या भिंतीवर चांगल्या इमल्शनच्या एका लिटरमध्ये दोन हातांसाठी साधारण 100 ते 140 चौरस फूट होतात. उशाची 11 फुटांची भिंत सुमारे 105 चौरस फुटांची आहे. गडद छटांना बऱ्याचदा तिसरा हात लागतो, म्हणून तिच्यासाठी दोन लिटर घ्यावेत. उरलेल्या तीन भिंतींचे दार आणि खिडकी वजा जाता सुमारे 255 चौरस फूट राहतात. त्यांना तीन लिटर पुरतात. एका भिंतीचा सगळा रंग एकाच वेळी मशीनवर मिसळून घ्यावा. कमी पडल्यावर पुन्हा मिसळलेल्या डब्याची छटा किंचित वेगळी येऊ शकते, आणि गडद भिंतीवर तो फरक चटकन डोळ्यांत भरतो.

उशाच्या गडद भिंतीला दोन त्रास ठरलेले असतात. मॅट फिनिशवर डोके टेकून बसण्याच्या उंचीवर केसांच्या तेलाचे डाग पडतात आणि ते पुसायला गेले की तेवढी जागा चमकू लागते. धुता येणारे, मंद चमकेचे इमल्शन घ्यावे किंवा पलंगाचा माथा तेवढा उंच ठेवावा. मात्र चमक फार असेल तर पुट्टीची प्रत्येक खळगी दिसते. दुसरा त्रास ओलीचा. ही भिंत बाथरूमला लागून किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या बाजूला असेल, तर ओलीसोबत क्षार बाहेर येतात आणि गडद रंगावर पांढरे चट्टे उमटतात. तसे असल्यास आधी गळती काढावी, भिंत वाळू द्यावी, किंवा गडद रंगासाठी दुसरी भिंत निवडावी.

दोघांपैकी एकाने पट्ट्यांची सगळी रांगच नाकारली, म्हणजे मतभेद खरोखर कुळाचा निघाला, तर ते कूळ भिंतीवर आणूच नये. मोरपंखी मग पडदे, बेडशीट, अभ्रे आणि पायपुसण्यापर्यंत ठेवावा. भिंती मोतियाच राहू द्याव्यात. कापड धुवायला जाते, बदलले जाते, त्यामुळे न आवडणाऱ्यालाही ते सोसते. भाड्याच्या घरातही हाच मार्ग बरा, कारण घर सोडताना पूर्वीचा रंग परत करून देण्याची अट असू शकते, आणि गडद भिंत पुन्हा पांढरी करायला जास्त हात लागतात.

काम पावसाळा सरल्यावर काढावे. हवेतला दमटपणा कमी असला की प्रत्येक हात नीट वाळतो. दोन्ही छटांचे क्रमांक, कंपनी आणि फिनिश वॉर्डरोबच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावेत. चार वर्षांनी खिळ्याचे भोक बुजवताना डब्यातला रंग सुकलेला असतो, तेव्हा हे क्रमांकच कामी येतात.