ब्रेक पॅडचा पिवळा दिवा लागल्यावर

डॅशबोर्डवर मधोमध एक गोल आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषांचे कंस असं पिवळं चिन्ह उजळलं, तर कुठल्यातरी चाकाचं ब्रेक पॅड झिजून ठरावीक जाडीवर आलं आहे असं समजायचं. ब्रेक निकामी झालेला नसतो. गोलात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा वेगळा. तो हँडब्रेक ओढलेला असताना किंवा ब्रेक ऑइल कमी झाल्यावर लागतो, आणि हँडब्रेक सोडूनही तो विझला नाही तर गाडी पुढे न्यायची नाही. पिवळा दिवा लागल्यावर गाडी चालवता येते, पण मग लगेच मनात येतं: आता पॅड उरलं तरी किती?

त्यासाठी आधी पॅड नीट पाहायला हवं. पॅड म्हणजे एक पोलादी पट्टी आणि तिच्यावर घट्ट बसवलेला घर्षणाचा थर. प्रत्येक डिस्कला दोन पॅड असतात, एक आतल्या बाजूला आणि एक बाहेरच्या. पेडल दाबलं की कॅलिपर या दोघांमध्ये डिस्क आवळतो. पुढच्या चाकांच्या नव्या पॅडवर हा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. बहुतेक कंपन्या तो २ ते ३ मिलिमीटरवर आला की पॅड बदलायला सांगतात. इथे बरेच लोक फसतात, कारण मागची पट्टीच पाचेक मिलिमीटर जाड असते. चाकाच्या फटीतून डोकावलं की सगळं मिळून अर्धा बोट जाडीचं काहीतरी दिसतं आणि पॅड भरपूर उरल्यासारखं वाटतं. मोजायचा तो फक्त थर.

सेन्सर दिसायला अगदी साधा असतो. प्लॅस्टिकचं एक छोटं बोंड, त्यातून गेलेली तार आणि दुसऱ्या टोकाला कनेक्टर. हे बोंड पॅडला ठेवलेल्या खाचेत बसतं आणि त्याचं टोक नव्या पॅडच्या पृष्ठभागापासून बरंच आत राहतं. पॅड झिजत जाईल तशी डिस्क त्या टोकाच्या जवळ येते. थर ३ ते ४ मिलिमीटरच्या आसपास आला की फिरती डिस्क बोंड घासायला लागते आणि आतल्या तारेपर्यंत पोहोचते. जाडी मोजणारं असं त्यात काहीच नसतं. तार शाबूत आहे की नाही, एवढंच गाडीला कळतं.

तारेपर्यंत पोहोचल्यावर काय होतं, हे सेन्सरच्या जातीवर ठरतं. एका प्रकारात तारेचं उघडं टोक डिस्कला लागतं, अर्थिंग मिळतं आणि दिवा पेटतो. अशा गाड्यांत सुरुवातीला दिवा फक्त ब्रेक दाबल्यावर लुकलुकतो, पाय काढला की जातो. काही दिवसांनी तो कायमचा लागतो. दुसऱ्या प्रकारात बोंडातून तारेचा फेरा गेलेला असतो आणि त्यातून सतत बारीक प्रवाह वाहतो. डिस्कने तो फेरा तोडला की दिवा लागतो आणि लागलेलाच राहतो. बीएमडब्ल्यूच्या अनेक मॉडेलांत असे दोन फेरे असतात. पहिला पॅड निम्म्याच्या आसपास झिजल्यावर तुटतो, दुसरा शेवटाजवळ. या दोन खुणा आणि चाललेलं अंतर यांवरून गाडीचा संगणक उरलेले किलोमीटर दाखवतो. पडद्यावरचा तो आकडा तुमच्या आजवरच्या चालवण्यावरून बांधलेला अंदाज असतो.

असा अंदाज आपल्यालाही करता येतो. समजा, नवा थर १२ मिलिमीटरचा होता, ४५,००० किलोमीटरनंतर दिवा लागला आणि गॅरेजमध्ये चाक खोलून मोजल्यावर थर ३ मिलिमीटर भरला. म्हणजे ९ मिलिमीटर झिजायला ४५,००० किलोमीटर लागले, दर मिलिमीटरला ५,०००. बदलण्याची मर्यादा २ मिलिमीटर धरली तर हिशेबाने अजून ५,००० किलोमीटर मिळतात. पण हा दर ज्या रस्त्यांवरून आला, त्याच रस्त्यांपुरता तो खरा. तीच गाडी पुढच्या आठवड्यात सामान भरून आंबोली किंवा वरंधा घाट उतरणार असेल, तर ५,००० वर विसंबू नये. दिवा लागल्यापासून हजारभर किलोमीटरच्या आत पॅड बदलून घ्यावेत आणि घाटाचा प्रवास ठरलेला असेल तर निघायच्या आधी, असं माझं मत आहे. पॅडच्या किमतीत वाचणारी रक्कम डिस्क खराब झाली तर कितीतरी पटींनी जाते.

मी एवढा आग्रह धरतो त्याचं कारण उष्णता. जाड थर डिस्कची उष्णता पिस्टनपर्यंत सहज पोहोचू देत नाही. थर पातळ झाला की ती पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हवेतला ओलावा शोषलेल्या जुन्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झाले की लांब उतारावर पेडल मऊ पडतं आणि पाय खाली जात राहतो.

दुसरी अडचण अशी की सेन्सर फक्त ज्या पॅडमध्ये बसवलेला आहे त्याचंच सांगतो. बहुतेक बीएमडब्ल्यूंमध्ये पुढे डाव्या आणि मागे उजव्या अशा दोनच चाकांना सेन्सर असतो. कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून अडकल्या तर एकाच डिस्कचं एक पॅड पार संपतं आणि समोरचं अर्धं शिल्लक राहतं. संपलेलं पॅड सेन्सरचं नसेल तर दिवा लागतच नाही. अशा वेळी धातूवर धातू घासल्याचा खरखरीत आवाज येतो, डिस्कवर बोटाला लागतील अशा चरा पडतात, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. म्हणून दिवा असो वा नसो, टायर रोटेशनला चाकं निघतात तेव्हा प्रत्येक डिस्कचे आतले-बाहेरचे दोन्ही पॅड पाहून घ्यावेत. आपल्याकडच्या बहुसंख्य छोट्या गाड्यांना हा दिवाच नाही. त्यांतल्या पुष्कळांच्या पॅडवर स्प्रिंग स्टीलची एक जीभ असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला घासून किंचाळते. काचा बंद आणि गाणी चालू असली तर ते ऐकूही येत नाही.

उलटही घडतं. पॅड चांगले असताना उंदराने वायर कुरतडली किंवा ती चाकाला घासून तुटली, तरी फेऱ्याच्या प्रकारात दिवा लागतो. तेव्हा दिवा पाहून थेट पॅड मागवू नयेत, आधी थर मोजून घ्यावा.

पॅड बदलताना घासलेला सेन्सरही बदलावा लागतो. तुटलेली तार नव्या पॅडमुळे जुळत नाही आणि काही गाड्यांत त्यानंतर सर्व्हिस रीसेटही करावं लागतं. काही ठिकाणी मात्र सेन्सरचे पैसे वाचवायला तारेची दोन टोकं एकमेकांना पिळून टेप गुंडाळतात. फेरा जोडला गेल्याने दिवा विझतो आणि पुढे पॅड पट्टीपर्यंत झिजलं तरी लागत नाही. वापरलेली गाडी घेताना ही गोष्ट तपासता येते. फेऱ्याचा सेन्सर असलेल्या गाडीत मेकॅनिकला चाकामागचा कनेक्टर काढायला सांगावं आणि गाडी चालू करून थोडी फिरवावी. कनेक्टर सुटा असूनही दिवा लागला नाही, तर वायरिंगमध्ये कुठेतरी टेपखाली जोड मारलेला असण्याची दाट शक्यता आहे. ते काम कोणी, कधी केलं हे मागच्या मालकाला विचारून घ्यावं आणि चारही चाकांचे पॅड मोजल्याशिवाय व्यवहार पक्का करू नये.