संच : परस्परव्यापी गटांची उदाहरणे

दोन संचांच्या घटकसंख्यांची नुसती बेरीज केल्यास समाईक घटक दोनदा मोजले जातात. म्हणून छेदसंचातील घटकांची संख्या एकदा वजा करावी लागते. उदा., ५० विद्यार्थ्यांपैकी ३० क्रिकेट, २५ कबड्डी व १० दोन्ही खेळ खेळत असल्यास निदान एक खेळ खेळणारे ३० + २५ − १० = ४५ आणि एकही न खेळणारे ५ होत.

आता याच वर्गात १५ जण खो-खो, ८ जण क्रिकेट व खो-खो, ७ जण कबड्डी व खो-खो आणि ४ जण तिन्ही खेळ खेळतात, असे मानू. हे ४ जण बेरजेत तीनदा येतात व वजाबाकीत तीनदाच जातात. म्हणून ते शेवटी एकदा मिळवावे लागतात :

३० + २५ + १५ − १० − ८ − ७ + ४ = ४९.

नेमके दोनच खेळ खेळणारे मात्र १० + ८ + ७ = २५ नव्हेत; कारण प्रत्येक जोडीत ते ४ जण अंतर्भूत आहेत. ते वगळल्यास ६ + ४ + ३ = १३ हे उत्तर मिळते. यासाठी वेन आकृती मध्यभागापासून बाहेर भरत जावी. एखाद्या भागात ऋण संख्या आल्यास दिलेली माहितीच विसंगत समजावी.