गरोदर नर्सला नाइट ड्युटी नको, एक्स-रे नको: डॉक्टरांच्या चिठ्ठीत नेमकं काय असायला हवं?

समजा, नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये एक सिस्टर ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. १ जूनला तिला नववा आठवडा पूर्ण झालाय. महिन्यात आठ-दहा नाइट आणि हाडांच्या ऑपरेशनला सी-आर्म, म्हणजे चालू ऑपरेशनमध्ये वापरायचं एक्स-रे मशीन. स्त्रीरोगतज्ज्ञ चिठ्ठी देतात, ‘हलकं काम द्यावं.’ मेट्रन विचारतात, हलकं म्हणजे काय? आणि रोस्टर आहे तसाच राहतो.

चूक चिठ्ठीतच आहे. ती कशी, ते पाहू.

नाइटचा प्रश्न फक्त झोपेचा आहे का?

नाही. डेन्मार्कमध्ये सुमारे २३ हजार गरोदर नोकरदार महिलांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या बहुतेक जणी हॉस्पिटलमध्ये काम करणाऱ्या होत्या. आठव्या आठवड्यानंतर, ज्यांनी आठवड्यात दोन किंवा त्याहून जास्त नाइट केल्या, त्यांच्यात पुढच्या आठवड्यात गर्भपाताचा धोका ३२ टक्क्यांनी जास्त दिसला. याचा अर्थ नाइट केली की गर्भपात होतोच असा नाही. पण ‘आठवड्यात एकापेक्षा जास्त नाइट नको’ किंवा ‘नाइट पूर्ण बंद’ असं डॉक्टर लिहितात, त्यामागे हा आधार आहे.

रेडिएशन नक्की कुठे असतं?

एक्स-रे काढून झालेल्या पेशंटजवळ जायला हरकत नाही, त्याच्या अंगात रेडिएशन उरत नाही. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये एक्स-रे वापरलेच जात नाहीत. खरी काळजी आहे ती सी-आर्म, कॅथ लॅब, वॉर्डातला पोर्टेबल एक्स-रे आणि न्यूक्लिअर मेडिसिनची. न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये औषधच किरणोत्सारी असतं, म्हणून तिथे पेशंटपासूनही अंतर ठेवावं लागतं.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या, म्हणजे एईआरबीच्या नियमानुसार, रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या महिलेने गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त डोस मिळता कामा नये. निसर्गातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतं, त्यावरून ही मर्यादा किती कडक आहे ते कळेल. पण ती लागू होते ‘कळवल्यानंतर’. त्यामुळे हॉस्पिटलच्या रेडिओलॉजिकल सेफ्टी ऑफिसरला लेखी कळवणं महत्त्वाचं. टीएलडी बॅजवर विसंबून राहू नका. तो तपासायला पाठवावा लागतो, म्हणजे डोस किती झाला ते नंतर कळतं.

कायदा कधीपासून मदत करतो?

इथेच अनेकींची गफलत होते. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार गरोदर महिलेला कष्टाचं, फार वेळ उभं राहण्याचं किंवा गर्भाला बाधक काम देता येत नाही. आधीच्या, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यातही हीच तरतूद होती. पण दोन अटी आहेत. पहिली, तिने स्वतः मागणी करायला हवी. दुसरी, हे संरक्षण प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीचे सहा आठवडे आणि त्याच्याही आधीचा एक महिना, एवढ्याच काळाचं आहे.

आपल्या सिस्टरची तारीख ४ जानेवारी. सहा आठवडे मागे गेलं की २३ नोव्हेंबर, आणखी एक महिना मागे गेलं की २३ ऑक्टोबर. म्हणजे जूनपासून जवळपास पाच महिने हे कलम तिच्या कामी येत नाही. या काळात भिस्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. ती व्यवस्थापनाला आदेश देऊ शकत नाही, पण एकदा पोच घेतली की ‘आम्हाला माहीतच नव्हतं’ असं कुणी म्हणू शकत नाही.

मग चिठ्ठी कशी हवी?

साधारण अशी:

‘या माझ्या उपचाराखाली असून १ जून रोजी त्यांना नऊ आठवडे पूर्ण झाले आहेत. प्रसूतीची अपेक्षित तारीख ४ जानेवारी. प्रसूती रजा सुरू होईपर्यंत त्यांना रात्रपाळी देऊ नये. सी-आर्म, कॅथ लॅब, पोर्टेबल एक्स-रे व न्यूक्लिअर मेडिसिन येथे नेमू नये. ओपीडी किंवा वॉर्डातील दिवसपाळीचे काम त्या करू शकतात. चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून कळवले जाईल.’

शेवटून दुसरं वाक्य विसरू नका. काय करता येईल हे लिहिलं नाही, तर ‘मग रजाच घ्या’ असं उत्तर येतं. २६ आठवड्यांच्या पगारी रजेतले जास्तीत जास्त आठच आठवडे प्रसूतीआधी घेता येतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात हा मार्ग परवडत नाही. आजाराचा तपशील चिठ्ठीत असायची गरज नाही.

आणि चिठ्ठी एकटी देऊ नका. स्वतःच्या सहीचा अर्ज करा, त्याला चिठ्ठी जोडा. एक प्रत नर्सिंग अधीक्षकांना, एक सेफ्टी ऑफिसरला द्या. तिसरी, तारीख आणि शिक्का मारलेली, स्वतःजवळ ठेवा.